बदामाचा गुलाम आणि पेल्यातला मासा

आगळाची बाटली होती. काचेची, जुन्या सरबताची, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून वरून रबर बँड गुंडाळलेली. आमच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलीने ती माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी आपला टॅरोचा डेक ठेवला. ती मूळची रत्नागिरीकडची. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. "आई गेल्यापासून घरची सोलकढी प्यायले नाही," असं ती एकदा ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर सहज बोलून गेली होती. ते ऐकणाऱ्यांत तिचा एक मित्र होता. मे महिन्यात तो वेंगुर्ल्याला गावी गेला, आणि परत आल्यावर ठाणे स्टेशनच्या पुलावर त्याने ही बाटली तिच्या हातात दिली. "कपड्यांवर सांडू देऊ नकोस, डाग जात नाही," एवढंच म्हणाला, आणि गाडी आली म्हणून पळाला.

"काकू, हे नक्की काय असेल?" तिने विचारलं. "मी पत्ते काढले तर पेज ऑफ कप्स आला. म्हणजे त्याच्या मनात आहे ना?"

मी गेली बरीच वर्षं टॅरोचे पत्ते वाचते. पैसे घेत नाही, भविष्य सांगत नाही. ओळखीतलं कुणी गोंधळून आलं तर त्याच्यासोबत पत्ते मांडून बसते. या वर्षांत जो प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा माझ्यासमोर आला तो हाच आहे. मैत्रीतल्या कुणी काहीतरी केलं, ते मनात रुतून बसलं, आता त्याचा अर्थ काय लावायचा? आणि अशा प्रश्नाला पेज ऑफ कप्स आला की बहुतेकांचा एकच समज होतो, की समोरच्याने प्रेम कळवलं. हा पत्ता इतकं सरळ सांगत नाही. तो जे सांगतो ते कमीही आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचंही आहे.

आधी पत्ता नीट बघू. टॅरोच्या डेकमध्ये ७८ पत्ते असतात. त्यांतले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत वाटलेले असतात, फक्त चित्राचे पत्ते दर रंगात तीनाऐवजी चार असतात: पेज, नाइट, क्वीन आणि किंग. हा खेळ पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झाला, आणि तो खरोखरच खेळ होता. त्याच्यावरून भाकितं सांगायची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. कप्स म्हणजे पेले. आपल्या पत्त्यांतल्या बदामाशी त्यांची जोडी लावली जाते, आणि पेज म्हणजे आपला गुलाम. म्हणजे पेज ऑफ कप्स हा बदामाचा गुलाम झाला. राजवाड्यातला सगळ्यांत लहान माणूस. त्याच्या हाती सत्ता नाही, घोडा नाही, तलवार नाही. कुणीतरी दिलेलं जपून न्यायचं, निरोप पोचवायचा, हे त्याचं काम. आपल्याकडे निरोप्या हा सुंदर शब्द आहे, तो त्याला चपखल बसतो.

आज बहुतेकांच्या हातात जो डेक असतो तो १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशकाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या फ्रेंच मार्सेय डेकमध्ये या जागी एक पोऱ्या पेला घेऊन चालला आहे, बस. त्याच्या पेल्यात काय आहे ते दिसत नाही. १९०९च्या चित्रात मात्र तो समुद्राच्या काठाला उभा आहे, मागे लाटा आहेत, अंगात फुलाफुलांचा झगा, डोक्यावर निळी टोपी, एक हात कमरेवर. दुसऱ्या हातातल्या पेल्यातून एक मासा डोकं वर काढतोय आणि मुलगा त्याच्याकडे टक लावून बघतोय. मासाही त्याच्याकडेच बघतोय.

हा मासा म्हणजे या पत्त्याचा जीव आहे. पेल्यात पाणी किंवा मद्य असायला हवं, तिथे जिवंत मासा निघाला. तो घाबरला नाही, त्याने पेला फेकला नाही, मासा झाकलाही नाही. नवल वाटून बघत राहिला. वेट यांनी आपल्या पुस्तकात या माशाचा अर्थ असा दिला आहे की मनातली चित्रं इथे आकार घेत आहेत. पत्त्याच्या अर्थात त्यांनी बातमी आणि निरोप हे शब्द घातले, पण त्यांच्याच शेजारी चिंतन आणि अभ्यासही घातले. विवाह, वचन, शपथ यांतलं काहीच तिथे नाही. तो पोऱ्या बोलत नाही, चालत नाही, पेला कुणापुढे करत नाही. त्याच्या पेल्यात काहीतरी उगवलंय आणि ते त्यालाच आत्ता पहिल्यांदा दिसतंय.

म्हणून मित्राच्या कृतीबद्दल प्रश्न असताना हा पत्ता आला तर मी आधी भावनेचं वय बघते. ही कोवळी भावना आहे. तिला अजून नाव पडलेलं नाही. इंग्रजीत जिला अफेक्शन म्हणतात तिच्यासाठी आपल्याकडे एक शब्द नाही, अनेक आहेत: माया, आपुलकी, जिव्हाळा, ओढ, लोभ. पूर्वी पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायचे. काकाला लिहायचे, मित्राला लिहायचे, व्याह्यालाही लिहायचे. त्या दोन शब्दांत प्रेमाची मागणी नसायची, पण तुमच्या मनात मला थोडी जागा राहू द्या, एवढं असायचं. पेज ऑफ कप्सचा निरोप मला या जातीचा वाटतो. जिव्हाळा आहे, तो खरा आहे, पण तो कुठे जाणार हे त्या जिव्हाळ्यालाही ठाऊक नाही.

हे नीट कळायला त्याच रंगातले दोन पत्ते शेजारी ठेवून बघावेत. नाइट ऑफ कप्समध्ये घोडेस्वार आहे, पांढरा घोडा संथ चालीने पुढे निघालाय आणि स्वाराने पेला पुढे धरलाय. हा माणूस मनाशी ठरवून आला आहे, त्याला काही मागायचं आहे. टू ऑफ कप्समध्ये दोघं समोरासमोर उभे आहेत आणि दोघांच्याही हातात पेला आहे. इथे देणंघेणं दोन्हीकडून चालू झालं. पेजच्या पत्त्यात माणूस एकटाच आहे. ज्यांना हा पत्ता प्रेमाची कबुली वाटतो त्यांनी ही एक गोष्ट बघावी. तिथे दुसरं माणूसच नाही, फक्त मासा आहे.

आता त्या मुलीच्या पत्त्यांकडे येते. तिला विचारलं, किती वेळा काढलेस? जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, आठ दिवसांत अकरा वेळा. दर वेळी तीन पत्ते. पेज ऑफ कप्स एकदाच आला, आणि तोच तिने लक्षात ठेवला. इथे साधं गणित करून बघण्यासारखं आहे. ७८ पत्त्यांतून तीन काढले तर एखादा ठरावीक पत्ता त्यांत असण्याची शक्यता सव्वीसात एक. असं अकरा वेळा केलं तर तो निदान एकदा येण्याची शक्यता साधारण पस्तीस टक्के होते. महिनाभर रोज काढत राहिलं तर तो कधीतरी येण्याचीच शक्यता जास्त. मन आशेवर असलं की उरलेल्या दहा वेळांचे पत्ते आपण विसरतो. वाचणाऱ्यांच्या हातून होणारी ही सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि ती ओळखायची खूण सोपी आहे: उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा पत्ते पिसावेसे वाटतात.

दुसरी चूक प्रश्नातच असते. "त्याच्या मनात आहे का?" हा प्रश्न पत्त्यांना विचारण्यात अर्थ नाही, कारण त्याचं मन टेबलावर नाही. टेबलावर विचारणाऱ्याचं मन असतं. मी तिला प्रश्न बदलायला सांगितला आणि तीन जागा ठरवल्या. पहिली, ही कृती कशी दिसते. दुसरी, तिच्यामुळे माझ्यात काय जागं झालं. तिसरी, आमच्या दोघांमध्ये काय आडवं येतंय. जागा आधी ठरवायच्या आणि मोठ्याने बोलायच्या, मग पत्ते पिसायचे. हा क्रम उलटा झाला तर आपण पत्ता बघून जागा ठरवतो, आणि मग हवं ते उत्तर काढता येतं.

पहिल्या जागी सिक्स ऑफ कप्स आला. जुन्या वाड्याचं अंगण, मोठासा मुलगा एका लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. हा पत्ता आठवणींचा, बालपणाचा, घराचा. मी काही बोलायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाटलीत आगळ होतं, पण तिला त्यात आईचं स्वयंपाकघर दिसलं होतं. ज्याने ते आणून दिलं त्याने नकळत फार खोलवर हात घातला होता. इथे मला एक गोष्ट तिला सांगावीशी वाटली, ती सांगितली. देणाऱ्याने जितकं दिलं आणि घेणाऱ्याला जितकं पोचलं, ही दोन मापं सारखी नसतात. त्याने कदाचित ओंजळभर दिलं असेल, तिच्यापर्यंत घागरभर आलं.

दुसऱ्या जागी पेज ऑफ कप्स आला. योगायोग म्हणा, सव्वीसात एक ही काही अशक्य गोष्ट नाही. ती एकदम सावरून बसली. "बघा!" म्हणाली. मी तिला जागा आठवून द्यायला सांगितलं. ही जागा त्याची नव्हती, तिची होती.

या पत्त्याच्या बाबतीत बहुतेक वाचनं इथेच घसरतात. निरोप म्हटला की आपण धरून चालतो की तो बाहेरून आला, दुसऱ्याकडून आला. पण चित्रातला मासा पोऱ्याच्या स्वतःच्या पेल्यातून वर आलाय. कृती मित्राची, पण तिच्या निमित्ताने जो मासा उसळला तो आपल्या पेल्यातला. त्या मुलीला तीन वर्षं ओळखीच्या असलेल्या माणसाबद्दल आठ दिवसांपूर्वीपर्यंत असं काही वाटलं नव्हतं. किंवा वाटलं असेल, पण दिसलं नव्हतं. पुलावर बाटली हातात आली आणि दिसलं. निरोप आला होता हे खरं, फक्त तो तिच्याच मनाने तिला पाठवला होता. ती त्याचं मन वाचायला आली होती, आणि तिचं स्वतःचं मन आठ दिवस दारात उभं होतं.

तिसऱ्या जागी टू ऑफ स्वोर्ड्‌स. डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधलेली बाई, छातीशी दोन तलवारींची फुली, मागे समुद्र आणि खडक, वर चंद्रकोर. पेजच्या मागेही समुद्र आहे, हिच्याही मागे समुद्र आहे. फरक एवढाच की पेज पेल्यात बघतोय आणि हिने डोळेच बांधून घेतलेत. हा पत्ता निर्णय टाळण्याचा समजला जातो. तिच्या बाबतीत त्याचा अर्थ लावायला फार शहाणपण लागलं नाही. आठ दिवसांत तिने अकरा वेळा पत्त्यांना विचारलं होतं, त्याला एकदाही नाही. मिळालं, आवडलं, एवढाही निरोप पाठवला नव्हता. कारण निरोप पाठवला की उत्तर येणार, आणि उत्तर आलं की ते काहीही असू शकतं.

पत्ता उलटा आला असता तर? वेट यांच्या पुस्तकात उलट्या पेजचे अर्थ ओढ, आसक्ती, भुरळ, फसगत असे दिले आहेत. काही वाचणारे त्यावरून मित्राला लगेच फसवा ठरवून मोकळे होतात. हे मला मुळीच पटत नाही. एका कागदाच्या तुकड्याच्या दिशेवरून कुणाच्या नियतीवर बोट ठेवणं हा अन्याय आहे, आणि तो माणूस आपली बाजू मांडायला तिथे नसतो. मी उलटा पेज आला तर एवढंच विचारते: यातलं किती घडलं आणि किती तू रंगवलंस? बरोबर सेव्हन ऑफ कप्स आला, ज्यात ढगांवर सात पेले तरंगतात आणि प्रत्येकात वेगळं स्वप्न असतं, तर हा प्रश्न दोनदा विचारते.

पत्त्यांची मर्यादा इथे स्पष्ट सांगायला हवी. टॅरोला दुसऱ्याच्या मनातलं कळतं याला काहीही पुरावा नाही. पत्ते बरोबर बोलल्यासारखे का वाटतात, याचं एक कारण मानसशास्त्रात पक्कं माहीत आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन वाटलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण आले ४.२६. प्रत्येकाला वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता. कोवळी भावना, अनपेक्षित निरोप, न बोललेलं काही, हे शब्दही तसेच आहेत. ते कुठल्या मैत्रीला लागू पडणार नाहीत? म्हणून मी पत्त्याचा वापर पुरावा म्हणून करत नाही. चित्र समोर ठेवलं की माणूस स्वतःबद्दल बोलायला लागतो. त्या मुलीने आईचं नाव त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं. माझ्यासाठी पत्त्याचं काम एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

पुरावा हवा असेल तर तो पत्त्यांत नाही, बाटलीत शोधावा. मी तिला ती बाटली हातात घेऊन बघायला सांगितली. ही दुकानातली बाटली नव्हती, घरचं आगळ होतं. म्हणजे घरात कुणाला तरी सांगून, मागून घेतलेलं. वेंगुर्ल्याहून ठाण्यापर्यंत काचेची बाटली न फोडता, न सांडता आणायची म्हणजे कोकण रेल्वेच्या मेच्या गर्दीत तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. ऑफिसात आंबे सगळ्यांना वाटले होते, आगळ फक्त तिला. आणि सोलकढीचं तिचं वाक्य फेब्रुवारीतलं होतं, त्याने ते मेपर्यंत जपलं. यावरून एवढं खात्रीने म्हणता येतं की त्याने तिचं बोलणं ऐकलं, लक्षात ठेवलं आणि तिच्यासाठी तसदी घेतली. जिव्हाळा होता, याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. यापुढचं मात्र बाटलीतून निघत नाही. त्याने देताना कुठलाही प्रश्न विचारला नाही, थांबला नाही, उत्तराची वाट पाहिली नाही. नाइट असता तर थांबला असता.

मग पुढे काय करायचं? इथे पेजचाच धडा गिरवावा असं मी तिला सुचवलं. तो माशाला पकडत नाही आणि त्याची आमटीही करत नाही. छोट्या गोष्टीला छोटंच उत्तर द्यावं. बाटलीच्या बदल्यात मनातलं सगळं ओतून मोकळं होऊ नये, आणि काही झालंच नाही असंही वागू नये. जे खरं आहे आणि आत्ता ठाऊक आहे तेवढंच बोलावं. तिने त्याच रात्री मोबाइलवर त्याला लिहिलं की सोलकढी केली, आई आठवली, तू लक्षात ठेवलंस हे फार लागलं मनाला. तिच्या मनात आणखी जे होतं ते यात नव्हतं, पण यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं. त्या दिवशी तू ते बोललीस तेव्हा तुझा आवाज वेगळा झाला होता, म्हणून आईला मुद्दाम सांगून ठेवलं होतं, असं. ती दोन दिवस हवेत होती. मग दोन आठवड्यांनी, चहाला गेले असताना, तिने सरळ विचारलं. तो गडबडला, पण त्याने तिला खोटी आशा लावली नाही. तू मला जवळची आहेस, तुझी काळजी वाटते, याच्यापुढचं मी मनात काही धरलेलं नाही, असं त्याने सांगितलं.

ती रडली. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, म्हणजे पत्ता खोटा ठरला." मी कपाटातून डेक काढून तो पत्ता पुन्हा तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "नाही. ह्यात दुसरं कुणी नाहीच आहे."

मैत्री थोडे दिवस अवघडली, मग रुळावर आली. ज्यांना असा पत्ता आणि असा प्रश्न एकाच दिवशी पडेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पत्ते एकदाच काढा, जागा आधी ठरवा, आणि आठवड्याच्या आत त्या माणसाशी एक खरं वाक्य बोला. यंदाच्या मे महिन्यातही त्याने आगळ आणलं. या वेळी बाटली प्लॅस्टिकची होती.